चढायला चार तास, मग उतरायला दोन?

आमच्या होस्टेलवर काही वाक्यं सिनियरकडून ज्युनियरकडे वारशाने येतात. "मेसचं वरण पातळ असतं, पण पोटाला हलकं असतं" हे एक. "चढायला जेवढा वेळ, त्याच्या निम्मा उतरायला" हे दुसरं. पहिल्याने कुणाचं नुकसान झालेलं नाही. दुसऱ्याने गेल्या डिसेंबरात आम्हा चौदा जणांना कळसूबाईच्या उतारावर अंधारात बसवलं होतं. म्हणून हा लेख.

आधी आपली परिस्थिती मान्य करू. आपण बीड जिल्ह्यातली माणसं. डोंगर आपल्याकडे आहेत, बालाघाट आहे, धारूरचा किल्ला आहे, सौताड्याची दरी आहे. पण सलग आठशे-हजार मीटरचा उतार आपल्याकडे नाही. घाट म्हटला की आपल्याला मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा घाट आठवतो, आणि तोही एस.टी.च्या खिडकीतून. त्यामुळे आपल्यातला कुणी पहिल्यांदा सह्याद्रीत गेला की चढाची धास्ती घेऊन जातो. उताराचा विचार कुणी करतच नाही. उतार म्हणजे सुटी झाल्यासारखं!

तर त्या दिवशी काय झालं ते सांगतो. रात्रीच्या प्रवासाने सगळे आंबलेले. बारी गावातून निघायला साडेनऊ वाजले. शिखरावर पोचलो तेव्हा दुपारचे एक चाळीस. म्हणजे चढायला चार तास दहा मिनिटं. माथ्यावर देवीचं दर्शन, डबे, ग्रुप फोटो, परत एकदा ग्रुप फोटो. कुणीतरी विचारलं, "किती वाजता निघायचं?" लीडरने वारशाचं वाक्य काढलं. चाराचे निम्मे दोन. सव्वातीनला निघालो की सव्वापाचला खाली. सूर्यास्त सहाच्या आसपास. म्हणजे पाऊण तास हातात. हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, हे आधी कबूल करतो.

बारीत पोचलो साडेसात वाजता.

शेवटचा तासभर आम्ही पाच जणांत एक बॅटरी, बाकी मोबाईलचे उजेड, अशा अवस्थेत उतरलो. दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीचा गुडघा मध्येच धरला होता, ती एकेक पाय जोडून उतरत होती. वरून सुटलेला एक दगड एकाच्या घोट्याला लागला. नशीब की तो नारळाएवढा नव्हता, लिंबाएवढा होता. गावातले एक काका आमचे हेलकावणारे दिवे बघून कंदील घेऊन वर आले. त्यांनी कुणाला झापलं नाही. एवढंच म्हणाले, "पोरं घड्याळ बघून उतरत्यात. उतार बघून उतरत न्हाईत."

परतीच्या प्रवासात माझ्या डोक्यात ते वाक्य फिरत राहिलं. आपण इंजिनियरिंगचे विद्यार्थी. पाण्याची टाकी किती वेळात रिकामी होईल ते आपण काढतो, पण स्वतः डोंगरावरून किती वेळात खाली येऊ ते अंदाजपंचे ठरवतो.

माझं मत सरळ आहे. उतरण्याचा वेळ चढण्याच्या वेळेवरून काढायचाच नाही. तो उंचीवरून काढायचा, तासाला किती मीटर खाली येतो या दराने. आणि तो दर पुस्तकातला नको, आपल्या ग्रुपचा हवा.

पुस्तकातला दर निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही, सुरुवात तिथूनच करावी लागते. स्कॉटलंडच्या नायस्मिथने १८९२ साली जो नियम दिला तो जगभर वापरतात: तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. गंमत म्हणजे त्यात उतरण्याला वेगळा वेळच नाही. पुढे लँगम्युर यांनी त्यात दुरुस्ती केली. उतार सौम्य असेल, म्हणजे पाच ते बारा अंशांचा, तर दर तीनशे मीटर उतरणीला दहा मिनिटं वजा करा. त्याहून तीव्र असेल तर दहा मिनिटं मिळवा. हे नीट वाचा. उतार तीव्र झाला की वजाबाकीची बेरीज होते! 'निम्मा वेळ' हा नियम नेमका इथेच मोडतो. गुरुत्वाकर्षण आपल्याला ओढतं हे खरं, पण आपली सगळी मेहनत त्याच्या ओढीला थांबवण्यातच जाते.

जर्मन डोंगरवाटांवरच्या पाट्यांसाठी वापरतात तो हिशोब आपल्याला जास्त सोयीचा आहे. तासाला ५०० मीटर उतरण, आणि सपाटीवर तासाला ४ किलोमीटर. दोन्ही वेळा वेगवेगळ्या काढायच्या. जी मोठी येईल ती पूर्ण घ्यायची, लहान असेल तिची निम्मी मिळवायची. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. बारीपर्यंतची उतरण गोल आकड्यात ८२० मीटर धरू, आणि वाटेची आडवी लांबी नकाशावर मोजून मी चार किलोमीटर धरली. मग ८२० भागिले ५०० म्हणजे १ तास ३८ मिनिटं. चार किलोमीटरचा एक तास, त्याचा निम्मा अर्धा तास. एकूण २ तास ८ मिनिटं.

बघा, हेही उत्तर लीडरच्या दोन तासांच्या जवळच आलं. मग चुकलं कुठे? चुकलं असं की तो ५०० चा दर चांगल्या बांधलेल्या वाटेचा आहे, सवयीच्या पायांचा आहे आणि सबंध उताराला एकच आहे. आमचा उतार एक नव्हता, तीन होते. वरचे साधारण ३०० मीटर शिड्या आणि कातळाचे. मधले ३०० मीटर तीव्र आणि सुट्या मुरमाचे. खालचे २२० मीटर सौम्य, शेताशेताने जाणारे. कॅमेऱ्यातल्या फोटोंच्या वेळांवरून मी नंतर हिशोब लावला. वरच्या टप्प्याला एक तास वीस मिनिटं लागली, मधल्याला दीड तास, थांबण्यात अर्धा तास गेला आणि खालच्या टप्प्याला, तो अंधारात आल्यामुळे, पंचावन्न मिनिटं. मधल्या टप्प्यात आमचा दर होता तासाला २०० मीटर. पाचशेच्या निम्म्याहूनही कमी.

या सुट्या मुरमाला ट्रेकवाले 'घसारा' म्हणतात. कॉमर्सवाल्यांचा घसारा वेगळा, त्यात यंत्राची किंमत झिजते, इथे आपल्या गुडघ्यांची. घसाऱ्यावर वेग इतका का पडतो? दख्खनचा बेसाल्ट थराथरांचा आहे. कठीण थराचा कडा उभा राहतो, आणि त्याच्या पायथ्याशी झिजून पडलेल्या दगडमातीचा उतार साचतो. असा सुटा ढीग आपल्या विश्रामकोनाच्या आसपास उभा असतो, म्हणजे पस्तीसेक अंशाला. सॉइल मेकॅनिक्सच्या तासाला वाळूचा ढीग करून आपण जो कोन मोजतो, तोच हा. म्हणजे तो उतार आधीच कसाबसा उभा असतो, आणि त्यावर आपण साठ किलोचं वजन ठेवतो. घट्ट वाटेवर आपण एका पावलात वीत-दीड वीत खाली येतो आणि लगेच पुढचं पाऊल टाकतो. घसाऱ्यावर पाऊल टाकायचं, ते सरकून थांबेपर्यंत वाट बघायची, मगच वजन द्यायचं. पाऊल लहान होतं आणि दोन पावलांतलं अंतर वेळाने वाढतं. त्यातही फसवा प्रकार म्हणजे घट्ट कातळावर पसरलेला बारीक मुरूम. ढीग निदान पायाखाली खचून थांबतो. कातळावरचा मुरूम बेअरिंगच्या गोळ्यांसारखा फिरतो.

आता एक चूक सांगतो, ती हुशार मुलंच करतात. मी होस्टेलवर हा हिशोब मांडला तेव्हा मेकॅनिकलचा एक मित्र म्हणाला, "सोपं आहे, दोन दरांची सरासरी काढ." समजा ३०० मीटर ५०० च्या दराने आणि ३०० मीटर २०० च्या दराने उतरायचे आहेत. सरासरी दर ३५०. मग ६०० भागिले ३५०, म्हणजे १ तास ४३ मिनिटं. आता टप्पे वेगळे काढा. पहिल्याला ३६ मिनिटं, दुसऱ्याला ९०. एकूण २ तास ६ मिनिटं. सरासरीने तेवीस मिनिटं गिळली! कारण मंद टप्प्यावर आपण जास्त वेळ असतो, म्हणून त्याचं वजन जास्त. सरासरी दरांची काढायची नाही, बेरीज वेळांची करायची. नकाशावर घसारा आणि घट्ट वाट वेगळी करायची, प्रत्येकाची उंची कंटूर मोजून काढायची (१:५०,००० च्या टोपोशीटवर दोन कंटूरमध्ये २० मीटर असतात), प्रत्येकीला तिच्या दराने भागायचं आणि मग मिनिटं मिळवायची.

पण घसारा कुठे आहे ते नकाशा सांगत नाही. कंटूर दाटीने आले तर उतार तीव्र आहे एवढंच कळतं. तो कातळ आहे की मुरूम, हे चढतानाच बघून लिहून ठेवायचं. चढताना जिथे हाताने मुरूम धरावासा वाटला, तिथे उतरताना वेळ लागणार, ही खूणगाठ. ज्या वाटेने चढलो नाही त्या वाटेने उतरायचं असेल तर तीव्र भाग सगळा घसाराच समजायचा.

आता आपला दर कसा काढायचा? इथे बीड जिल्हा कामाला येतो. आपल्याकडे हजार मीटरचा उतार नाही, पण साठ मीटरचा आहे, आणि तो दहा वेळा उतरायला कुणी मनाई केलेली नाही. आम्ही बालाघाटाची एक धार निवडली. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला शिकलेलं लेव्हलिंग वापरून ६० मीटर उंचीच्या दोन खुणा केल्या. मोबाईलच्या जी.पी.एस.वर उंचीसाठी विसंबलो नाही, कारण एका जागी उभं राहूनही तो आकडा हलत होता, आणि साठ मीटरच्या मोजणीत दहा मीटरची चूक म्हणजे फार झाली.

पाठीवर सॅक घेऊन आठ जण मळलेल्या वाटेने उतरलो. शेवटचा माणूस खाली पोचायला सात मिनिटं. म्हणजे तासाला सुमारे ५०० मीटर, अगदी जर्मन पाटीवरचा आकडा! सगळे खूष. मग शेजारच्या घसाऱ्याने उतरलो. एकट्याला बारा मिनिटं लागली, म्हणजे ३०० चा दर. आठ जणांना सतरा मिनिटं, म्हणजे २१० च्या आसपास. आणि पाचव्या फेरीला, मांड्या थरथरायला लागल्यावर, आठ जणांना एकवीस मिनिटं. दर १७० वर आला.

या तीन आकड्यांत सगळा धडा आहे. पहिला: घसारा निम्म्याहून जास्त वेग खातो. दुसरा: ग्रुपचा दर एकट्याच्या दरापेक्षा कमी असतो, आणि फास्ट माणसाचा दर हिशोबात घेण्याला काही अर्थ नाही. ग्रुप खाली पोचला म्हणजे शेवटचा माणूस खाली पोचला. तिसरा: उतरण जितकी लांब, तितका शेवटचा दर खाली येतो. साठ मीटरच्या ताज्या पायांचा दर आठशे मीटरला लावायचा असेल तर पाचव्या फेरीचा आकडा घ्या, पहिल्या फेरीचा नको.

ग्रुपचा वेग का पडतो, त्याचं कारण फक्त मंद माणूस नाही. घसाऱ्यावर वरच्याच्या पायाखालून दगड सुटतो आणि तो खालच्याकडे जातो. त्यामुळे अवघड जागी एकेकानेच उतरायचं, बाकीच्यांनी दगडाच्या रेषेतून बाजूला उभं राहायचं. शिडीवरही तेच. चौदा जण आणि प्रत्येकाला दीड मिनिट, म्हणजे एकवीस मिनिटं. हा वेळ उंचीवर अवलंबून नाही, माथ्यांवर आहे. शिडी पाच मीटरची असो की दहाची, रांग तेवढीच. म्हणून तो दराच्या आकड्यात कोंबायचा नाही, वेगळा मिळवायचा. आणि प्रत्येक शिडीखाली सगळे जमेपर्यंत थांबलात, तर तीच रांग प्रत्येक शिडीला नव्याने लागते. पाच-पाचच्या तुकड्या केल्या, प्रत्येकीत एक जाणता पुढे आणि एक मागे ठेवला, तर पहिली तुकडी दुसऱ्या शिडीवर असताना दुसरी तुकडी पहिलीवर असते. मात्र एक तुकडी दुसरीच्या बरोबर डोक्यावर घसाऱ्यात येणार नाही एवढं अंतर ठेवलंच पाहिजे.

आता त्या दिवसाचा हिशोब परत मांडू, या वेळी आपल्या आकड्यांनी. वरचे ३०० मीटर ३०० च्या दराने एक तास. मधले ३०० मीटर २०० च्या दराने दीड तास. खालचे २२० मीटर ४५० च्या दराने अर्धा तास. शिड्यांच्या रांगेला अर्धा तास, पाणी-विश्रांतीला अर्धा तास. झाले चार तास. त्यावर पाव हिस्सा राखीव, म्हणजे एक तास. एकूण पाच. सूर्यास्त सहाला. म्हणजे माथा सोडायची शेवटची वेळ दुपारी एक.

आम्ही माथ्यावर पोचलोच एक चाळीसला.

हे आकडे कागदावर आले तेव्हा मी जरा गप्पच बसलो. आमची चूक दोन ग्रुप फोटोंची नव्हती. आम्ही माथ्यावर जायलाच नको होतं. एक वाजला तेव्हा आम्ही शेवटच्या चढात कुठेतरी होतो, शिखर समोर दिसत होतं, आणि तिथून मागे फिरणं हाच बरोबर निर्णय होता. किंवा मग साडेनऊऐवजी साडेसातला निघायचं होतं. रात्रभर प्रवास करून आलेल्या चौदा जणांना "शिखर दिसतंय पण जायचं नाही" हे सांगायला किती धाडस लागतं याची मला कल्पना आहे. म्हणूनच ती वेळ आदल्या दिवशी होस्टेलवर बसून, कागदावर, सगळ्यांसमोर ठरवावी. वर गेल्यावर ठरवायला बसलं की शिखर जिंकतं.

काही जण म्हणतील, गणिताने डोंगर उतरत नाहीत. आमच्या एका सरांनीही हसत हसत हेच म्हटलं. मान्य आहे, सर. पावसात, धुक्यात, कुणाला लागलं तर, किंवा दोर लावून उतरायच्या कातळावर हा हिशोब चालत नाही. तिथे दर नावाची गोष्टच उरत नाही. पण हिशोबाचा उपयोग बरोबर उत्तर देणं एवढाच नाही. आपण चुकतोय हे लवकर कळणं हाही आहे. उतरायला लागल्यावर अर्ध्या तासाने उंची बघा. ठरवले होते दीडशे मीटर आणि उतरलात शंभरच, तर उरलेल्या सगळ्या वेळेला दीडने गुणा, तिथल्या तिथे. "पुढे वाट चांगली आहे, भरून काढू" हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्याला शेवटच्या तुकडीत टाका. आम्हाला पावणेचारला हे कळलं असतं, तर निदान बॅटऱ्या सॅकच्या तळातून बाहेर आल्या असत्या आणि खालच्या गावात फोन गेला असता.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे या वर्षीच्या ट्रेकसाठी नोटीस बोर्डावर एक बेत लागला आहे. हरिश्चंद्रगडावर मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी नळीच्या वाटेने खाली कोकणात. खाली उतरायला 'अंदाजे ४ तास' असं लिहिलं आहे. मित्रहो, नळीची वाट म्हणजे कोकणकड्याशेजारची दगडगोट्यांनी भरलेली उभी नाळ. उतरण हजार मीटरच्या वर. मध्ये कातळटप्पे, तिथे एकेकाने जायचं. आपला पाचव्या फेरीचा दर १७०. हजाराला भागा, जवळपास सहा तास आले, आणि यात रांगा नाहीत, विश्रांती नाही, राखीव वेळ नाही. त्या धरल्या तर हिवाळ्यातला सगळा उजेड संपतो. आणि नाळेत दोन्ही बाजूंना भिंती असल्यामुळे उजेड बाहेरच्यापेक्षा आधीच जातो. शिवाय नाळेत बाजूला उभं राहायला जागा कमी, सुटलेला दगड त्याच नाळेतून खाली येणार. ही वाट नवख्या पंचवीस जणांना घेऊन उतरण्याची नाही. ज्यांना ती करायची आहे त्यांनी चार-पाच जाणत्यांनी वेगळी करावी, आणि चढावी. बाकीच्यांनी पाचनईच्या वाटेने उतरावं. त्यात कमीपणा नाही.

जिमखान्याकडे माझी एकच मागणी आहे. ट्रेकच्या नोटिशीवर वर्गणी, डबा आणि बसची वेळ लिहितो तशी आणखी एक ओळ असावी: माथा सोडायची शेवटची वेळ. आणि तिच्याखाली ती कशी काढली त्याचे टप्पे, दर आणि मिनिटं, म्हणजे कुणालाही तपासता येतील. ज्या बेताला ही ओळ नाही त्यावर सही नको.

त्या मुलीचा गुडघा आता बरा आहे. या वर्षी ती परत येणार म्हणते. तिने एकच विचारलं, "या वेळी उतरायचा हिशोब कोण करणार?" मी म्हटलं, तूच कर. धारेवरच्या पुढच्या मोजणीला स्टॉपवॉच तिच्या हातात असेल.